रेबीज : पुण्यात लस आहे, मेळ नाही

रेबीजपासून माणसाला वाचवायला जे काही लागते, ते जवळजवळ सगळे पुण्यात आहे. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये रेबीजची लस तयार होते. जखमेत टोचायची मोनोक्लोनल प्रतिपिंडे, म्हणजे ‘रॅबिशील्ड’, तीही याच कंपनीने मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मासबायोलॉजिक्स या संस्थेबरोबर विकसित केली. औंधला पशुसंवर्धन खात्याची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. राष्ट्रीय विषाणू संस्था याच शहरात आहे. ससूनमध्ये, कमला नेहरूमध्ये लस मिळते. आणि याच शहरात, स्टेशनजवळच्या डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयात, पाण्याचा पेला पाहून घसा आवळणारे रुग्ण दाखल होतात. त्यांतले बरेच शहराबाहेरून आलेले असतात, पण तिथे पोचल्यावर सगळ्यांची गत एकच. लक्षणे सुरू झाली की डॉक्टरांच्या हाती वेदना आणि घालमेल कमी करण्यापलीकडे फारसे काही उरत नाही.

म्हणजे प्रश्न औषधाच्या शोधाचा नाही. चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा एक ते तीन महिने जातात. इतकी मुदत देणारे जीवघेणे आजार थोडेच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीवरून देशात वर्षाला सुमारे 5,700 माणसे रेबीजने मरतात, असा अंदाज अलीकडे मांडला गेला. त्याआधीचे जागतिक आरोग्य संघटनेचे अंदाज 18 ते 20 हजारांचे होते. आकडा कमी झाला यात समाधान आहेच, पण त्याच पाहणीत चावा बसलेल्यांपैकी साधारण पाचव्या हिश्शाने लसीचा एकही डोस घेतलेला नव्हता. पुणे महापालिकेच्या हद्दीत अलीकडे वर्षाला 20 हजारांहून जास्त चावे नोंदले जातात. त्यांतला एकेक चावा कसा हाताळला जातो आणि ज्या कुत्र्याने तो घेतला त्याचे पुढे काय होते, या दोन गोष्टी नीट पाहिल्या की हा रोग कुठून निसटतो ते दिसते.

गालावरची जखम

एक प्रसंग कल्पून पाहू. धानोरीतली सहा वर्षांची मुलगी, वजन 20 किलो. संध्याकाळी खेळताना गल्लीत नव्यानेच दिसलेल्या कुत्र्याने तिच्या गालाला आणि उजव्या हाताच्या बोटांना चावा घेतला. रक्त आले. कुत्रे पळून गेले.

पहिली पंधरा मिनिटे घरातल्यांच्या हातात असतात. विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साबणाने ते विरघळते. म्हणून वाहत्या नळाखाली, साध्या अंगाच्या साबणाने, पंधरा मिनिटे जखम धुवायची. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळ लावून पंधरा मिनिटे. रडणाऱ्या मुलाच्या बाबतीत ती फार लांब वाटतात, त्यामुळे बहुतेक घरांत काम दोन मिनिटांत उरकते. मग हळद, चुना, तिखट, तंबाखू यांतले काहीतरी लावले जाते. अशा लेपाने जखम चिडते, आणि पुढे डॉक्टरला आधी तो लेप काढत बसावे लागते. धुऊन झाल्यावर पोव्हिडोन आयोडीन लावावे आणि जखम उघडीच ठेवावी, पट्टी बांधू नये.

आता रुग्णालय. इथे जखमेची वर्गवारी होते. कुत्र्याला नुसता हात लावला किंवा त्याने धड कातडीला चाटले, तर पहिला वर्ग, त्याला उपचार लागत नाहीत. रक्त न येता ओरखडा उठला किंवा कातडी किंचित सोलली, तर दुसरा वर्ग, त्याला लस. कातडी फुटून रक्त आले, किंवा लाळ तुटलेल्या कातडीला, डोळ्याला, तोंडाला लागली, तर तिसरा वर्ग, त्याला लस आणि सीरम दोन्ही. आपली मुलगी तिसऱ्या वर्गात, त्यातही चेहऱ्यावर जखम असल्याने सगळ्यांत घाईच्या गटात. विषाणू रक्तातून जात नाही. तो जखमेतल्या मज्जातंतूच्या टोकात शिरतो आणि तंतूच्या आतून मेंदूकडे सरकत राहतो. पायापासून मेंदू लांब, गालापासून जवळ. शिवाय चेहरा आणि बोटे या दोन्ही जागी मज्जातंतूंची दाटी असते.

लस टोचल्यावर शरीर स्वतःची प्रतिपिंडे बनवते, पण ती पुरेशी व्हायला सात ते चौदा दिवस लागतात. या मधल्या काळात जखमेतल्या विषाणूला तिथल्या तिथे अडवणारे काहीतरी बाहेरून द्यावे लागते. त्यासाठी सीरम. घोड्यापासून केलेल्या सीरमचा हिशेब किलोमागे 40 युनिट, म्हणजे या मुलीला 800 युनिट. मिलिलीटरला 300 युनिट असलेल्या कुपीतून ते साधारण 2.7 मिली होते. मोनोक्लोनल रॅबिशील्ड वापरले तर किलोमागे 3.33 युनिट, म्हणजे सुमारे 67 युनिट. कोणतेही वापरा, ते जखमेतच जायला हवे. प्रत्येक दाताच्या खुणेच्या आत आणि भोवती सुई घालून थोडे थोडे सोडायचे. बोटाच्या टोकाशी फार औषध मावत नाही आणि जोर केला तर बोटाचा रक्तपुरवठा दबतो, तेव्हा तिथे हलक्या हाताने, मावेल तेवढेच. जखमा जास्त आणि औषध अपुरे असेल तर ते सलाईनमध्ये वाढवून सगळ्या जखमांपर्यंत पोचवायचे. दंडात किंवा मांडीत सीरम टोचून ‘दिले’ असे केस पेपरवर लिहिता येते, पण गालातला विषाणू त्याने अडत नाही.

लस घेऊनही रेबीज झाल्याच्या बातम्या येतात. 2025 मध्ये केरळात लहान मुलांचे असे मृत्यू झाले तेव्हा लसीच्या दर्जावर मोठी चर्चा झाली. अशा प्रकरणांचा माग काढताना आधी पाहायचे ते हेच: जखम धुतली होती का, सीरम दिले का, सगळ्या जखमांत दिले का, आणि चावा डोक्या-चेहऱ्यावर होता का. एखादी खूण केसांत लपून राहते, तिच्यात सीरम जात नाही आणि बाकी सगळे बिनचूक होऊनही मूल हातचे जाते. म्हणून डोक्याला चावा असेल तर केस बाजूला करून, वेळ पडली तर कापून, प्रत्येक खूण शोधायला सांगा. डॉक्टरला सांगायला संकोच वाटतो, पण सांगा. शक्यतो टाके घालायचे नसतात. घालणे भागच असेल तर आधी सीरम, मग काही तास थांबून मोजकेच टाके. चेहऱ्यावर व्रण राहील म्हणून घाईने जखम शिवायचा आग्रह आई-बापच धरतात, आणि नेमके तेच घातक ठरते.

मग लस. ‘पोटात चौदा इंजेक्शने’ ही भीती आपल्याकडे अजून गेलेली नाही. ती इंजेक्शने मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या जुन्या लसीची होती. तिचे उत्पादन देशात 2004–05 च्या सुमारास बंद झाले. आता दंडातच टोचतात, कुल्ल्यावर कधीच नाही, कारण तिथल्या चरबीत लस नीट लागू पडत नाही. सरकारी दवाखान्यांत बहुधा कातडीच्या आतल्या थरात देतात: दोन्ही दंडांवर प्रत्येकी 0.1 मिली, आणि अशा चार फेऱ्या, म्हणजे पहिला दिवस शून्य धरून शून्य, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. सुई बरोबर थरात गेली की कातडीवर संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत छोटी टेंगळी उठते. टेंगळी उठली नाही तर लस खाली उतरली असे समजून तो टोचा पुन्हा द्यावा लागतो. खासगी दवाखान्यात स्नायूत देतात: पूर्ण कुपी, पाच वेळा, शून्य, तीन, सात, चौदा आणि अठ्ठावीस या दिवशी. दोन्ही पद्धती तितक्याच भरवशाच्या आहेत. फरक खर्चाचा. कातडीतल्या पद्धतीत चारही फेऱ्या मिळून 0.8 मिली लस लागते, तर स्नायूत पाच कुप्या.

या बचतीला एक काटा आहे. कुपी फोडली की ती शीतपेटीत ठेवून सहा ते आठ तासांत संपवायची असते. जिथे दिवसाला दोन-तीनच रुग्ण येतात, तिथे कुपी वाया जाऊ नये म्हणून ‘उद्या या’ सांगण्याचा मोह होतो. तिसऱ्या वर्गाच्या रुग्णाला असे सांगणे हा गुन्हाच म्हणावा लागेल. मोठ्या रुग्णालयात हा प्रश्न येत नाही, कारण तिथे रोज रांग असते. म्हणून उपनगरातल्या छोट्या दवाखान्यात वेळ घालवण्यापेक्षा सरळ मोठ्या रुग्णालयात जाणे बरे. सीरम तर तिथेच असण्याची शक्यता जास्त.

दुसरी गळती होते अठ्ठाविसाव्या दिवशी. सातव्या दिवसापर्यंत जखम भरते, भीती ओसरते, आईची रजा संपते. मजुरीवर जाणाऱ्या बाईसाठी चौथी फेरी म्हणजे एका दिवसाच्या मजुरीवर पाणी. कमी फेऱ्यांची पद्धतही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये शून्य, तीन आणि सात अशा एका आठवड्यातच संपणाऱ्या कातडीतल्या लसीला मान्यता दिली. आपल्याकडे अठ्ठाविसावा दिवस अजून वेळापत्रकात आहे, आणि तो आहे तोवर घ्यायलाच हवा. पण ही फेरी कितीजण चुकवतात हे पाहून धोरणकर्त्यांनी त्यावर पुन्हा विचार करायला हरकत नाही.

कुत्रे सापडले असते तर? दहा दिवस पाहायचे. लाळेत विषाणू आलेला असेल तर कुत्रे दहा दिवसांत आजारी पडून मरते. ते धडधाकट राहिले, तर चाव्याच्या वेळी लाळेत विषाणू नव्हता. मात्र हे दहा दिवस उपचार थांबवण्यासाठी नाहीत. लस आणि सीरम लगेच सुरू करायचे, आणि कुत्रे दहाव्या दिवशी ठणठणीत असेल तर पुढचे डोस डॉक्टरच्या सल्ल्याने थांबवायचे. ‘कुत्रे बघू, मग ठरवू’ हा आपल्याकडचा लाडका हिशेब उलटा आहे.

कुत्र्यांचे गणित

माणसाला लस देणे ही शेवटची फळी. रोग राहतो कुत्र्यांत, आणि संपवायचा तर तिथेच. यात एक दिलासा देणारी बाब आहे. कुत्र्यांमध्ये रेबीज फार जोमाने पसरत नाही. एक पिसाळलेले कुत्रे सरासरी एक ते दोन कुत्र्यांनाच रोग देते, कारण ते थोड्याच दिवसांत मरते. त्यामुळे कळपातल्या पुरेशा कुत्र्यांना लस मिळाली की साखळी आपोआप विझते. ‘पुरेशा’ म्हणजे जगभरच्या अनुभवावरून वर्षाला 70 टक्के.

70 का? कोणत्याही क्षणी इतक्या कुत्र्यांत प्रतिकारशक्ती लागते असे नाही, त्याहून कमीही चालते. पण भटक्या कुत्र्यांचे आयुष्य छोटे असते. समजा, जानेवारीत एका वस्तीतल्या 100 कुत्र्यांपैकी 70 जणांना लस दिली. वर्षभरात साधारण एक तृतीयांश कुत्री अपघातात, आजारात, उपासमारीत मरतात. लस दिलेल्या 70 पैकी 47 उरली. मेलेल्यांची जागा नव्या पिल्लांनी घेतली, त्यांना लस नाही. पुढच्या जानेवारीत संरक्षण 47 टक्क्यांवर आले. आणखी एक वर्ष गाडी फिरकली नाही, तर 31 वर. पहिल्याच वर्षी 40 टक्के गाठले असते, तर वर्षअखेरीस 27 उरले असते. म्हणून 70, आणि म्हणून दर वर्षी.

पुण्याला हे गणित लावून पाहू. महापालिकेच्या 2018 च्या मोजणीत शहरात सुमारे 3 लाख 15 हजार भटकी कुत्री होती. 2023 च्या मोजणीत सुमारे 1 लाख 80 हजार निघाली. ही घट नसबंदीचे यश म्हणून सांगितली जाते. इतकी मोठी घट पाच वर्षांत केवळ नसबंदीने झाली असे मानायला मी तयार नाही. दोन मोजण्यांची पद्धत काटेकोर सारखी असेल तरच अशा तुलनेला अर्थ. तरी लहान आकडाच धरू. त्याचे 70 टक्के म्हणजे 1 लाख 26 हजार. इतकी कुत्री दर वर्षी टोचायला हवीत.

पुण्यात भटक्या कुत्र्याला लस मिळते ती मुख्यतः नसबंदीच्या निमित्ताने. गाडी कुत्रे पकडते, केंद्रावर शस्त्रक्रिया होते, लस टोचतात, कानाला खाच करतात आणि पकडले त्याच जागी सोडतात. 2001 चे आणि त्यानंतरचे 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम हेच सांगतात. काम चांगले आहे, पण गतीला मर्यादा आहे. भूल, शस्त्रक्रिया, जखम भरेपर्यंत पिंजऱ्यात मुक्काम यांत एकेका कुत्र्यामागे अनेक दिवस जातात, आणि पिंजरे मोजके असतात. समजा वर्षाला 25 हजार शस्त्रक्रिया झाल्या, तरी 1 लाख 80 हजारांच्या तुलनेत ते 14 टक्के. दुसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. कानाची खाच पाहून गाडीवरचे लोक त्या कुत्र्याला सोडून पुढे जातात, कारण त्याची नसबंदी झालेली आहे. त्याच्या लसीला चार वर्षे उलटली असतील, तर ते मोजणीत सुरक्षित आणि गल्लीत असुरक्षित. खाच नसबंदी सांगते, लस सांगत नाही.

पालिका आणि संस्था मिळून स्वतंत्र लसीकरणही करतात, विशेषतः जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास. पण 28 सप्टेंबरच्या आसपास घेतलेली शिबिरे आणि वर्षभर वस्ती-वस्तीत फिरणारी मोहीम यांत फरक आहे. हा फरक पाहायला लांब जायला नको, गोव्यात जावे.

गोव्यात ‘मिशन रेबीज’ या संस्थेने 2013–14 च्या सुमारास काम सुरू केले आणि पुढे राज्य सरकार बरोबर आले. त्यांनी नसबंदी आणि लसीकरण यांची गाठ सोडवली. जाळी घेतलेली तुकडी पहाटे वस्तीत उतरते. कुत्रे जाळ्यात आले की जागीच लस टोचतात, डोक्यावर किंवा पाठीवर रंगाचा ठिपका देतात आणि मिनिटभरात सोडतात. पिंजरा नाही, मुक्काम नाही. पाळीव कुत्र्यांसाठी दारोदार जातात. प्रत्येक टोचणीची नोंद मोबाइलवर, जागेसकट. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नंतर दुसरे लोक त्याच वस्तीत फिरून रंगाची किती आणि बिनरंगाची किती कुत्री दिसतात ते मोजतात. शंभरात सत्तर रंगाची दिसली नाहीत, तर तुकडी परत त्याच वस्तीत जाते. ‘इतक्या लशी टोचल्या’ या आकड्याला गोव्यात किंमत नाही, ‘कोणती गल्ली सुटली’ याला आहे.

या कामाचा 2013 ते 2019 चा हिशेब 2022 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये छापून आला. वर्षाला 95 हजारांहून जास्त कुत्र्यांना लस, 70 टक्के व्याप्ती, कुत्र्यांमधील रेबीजच्या मासिक घटनांत 92 टक्के घट, आणि माणसांतले मृत्यू शून्यावर. शिवाय दर वर्षी सुमारे दीड लाख शाळकरी मुलांना चाव्याबद्दल शिकवणे.

पुण्याने हे उचलायचे तर आकडा एका अख्ख्या राज्याहून मोठा होतो, हे मान्य. पण पुणे सलग वस्तीचे शहर आहे, गोव्यासारख्या डोंगर-दऱ्यांत विखुरलेल्या वाड्या-वस्त्या इथे नाहीत. एका तुकडीने दिवसाला 100 कुत्री टोचली असे धरले, तर 1 लाख 26 हजारांना 1,260 दिवस लागतात. दहा तुकड्यांना 126 दिवस. पावसाळा वगळून एका हंगामात बसणारे हे काम आहे. अडचण पैशांपेक्षा जाळे टाकणाऱ्या कुशल माणसांची आहे. पुण्याच्या गल्ल्यांतली कुत्री डॉग व्हॅन लांबून ओळखतात आणि इंजिनाचा आवाज येताच पार्किंगमध्ये गुडूप होतात. खायला घालणाऱ्या मंडळींचा उपयोग खरा इथे आहे. जे कुत्रे तुकडीला सापडत नाही, ते रोज बिस्किटे घालणाऱ्या काकूंच्या हाकेला येते. या मंडळींना आणि पालिकेला एकमेकांविरुद्ध तक्रारी लिहिण्यातून सवड मिळाली, तर हे सहज जमेल.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2025 च्या आदेशांनी या वादाला नवे वळण दिले. ऑगस्टमध्ये आधी दिल्ली परिसरातली कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितले, मग अकरा दिवसांत तो आदेश बदलून नसबंदी आणि लसीकरण करून जागी सोडायचे ठरले. पिसाळलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांचा अपवाद राहिला. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बस आणि रेल्वे स्थानके अशा जागांमधून कुत्री कायमची हटवायला सांगितले. रेबीजच्या दृष्टीने यातली खोच अशी: कुत्री हलवली आणि कचरा, हॉटेलांचे खरकटे, चिकनच्या दुकानामागची आतडी तशीच राहिली, तर रिकाम्या जागेत बाहेरची कुत्री येतात. गेली ती लस दिलेली, आली ती न दिलेली. संस्थांच्या आवारातून कुत्री काढायचीच असतील, तर त्याच आठवड्यात भोवतालच्या गल्ल्यांत लसीकरण करणे भाग आहे.

एकाचे दुसऱ्याला कळत नाही

आता धानोरीतल्या त्या कुत्र्याकडे परत येऊ. मुलीला चावून ते पळाले. पुढे विश्रांतवाडीच्या बाजूला त्याने एका दुचाकीस्वाराची पोटरी फोडली, एका कचरावेचक बाईच्या हाताला दात लावले आणि वाटेतल्या तीन-चार कुत्र्यांवर झडप घातली. दुसऱ्या दिवशी ते एका सोसायटीच्या भिंतीशी पडलेले दिसले. जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, आवाज बसलेला. कुणाला वाटले, घशात हाड अडकले आहे, आणि त्या भल्या माणसाने तोंडात हात घातला. रेबीजचा हा मुका प्रकार. चावत सुटणाऱ्या कुत्र्यापासून लोक लांब पळतात, पण असे गरीब होऊन पडलेले कुत्रे दयाळू माणसांना जास्त धोक्याचे असते. संध्याकाळी ते मेले, आणि पालिकेच्या गाडीने उचलून नेले.

हिशेब करा. मुलगी ससूनला गेली, पूर्ण उपचार झाले. दुचाकीस्वार खासगी डॉक्टरकडे गेला, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि प्रतिजैविक घेऊन घरी. कचरावेचक बाई कुठेच गेली नाही. हाड काढायला गेलेला माणूस तर आपल्याला चावा बसलाच नाही म्हणून निर्धास्त. लाळ त्याच्या बोटावरच्या चिरेला लागली होती. चावा बसलेल्या त्या तीन-चार कुत्र्यांची नोंद कुठेच नाही. कुत्र्याच्या मेंदूची तपासणी झालीच नाही, तर त्याला रेबीज होता हेही कोणाला ठाऊक नाही. ससूनच्या डॉक्टरला कुत्रे मेल्याचे कळत नाही, कुत्रे उचलणाऱ्याला ससूनमध्ये मूल दाखल असल्याचे कळत नाही.

‘एक आरोग्य’ या शब्दाभोवती परिषदा खूप होतात. जमिनीवर त्याचा अर्थ एवढाच, की या दोघांना एकमेकांचा फोन नंबर माहीत असावा आणि फोन करणे हे दोघांच्या कामाचा भाग असावा. आज लस रुग्णालयात मिळते, ती आरोग्य विभागाकडे. कुत्री पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे. प्रयोगशाळा आणि गुरे राज्याच्या पशुसंवर्धन खात्याकडे. त्यात पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड, पुणे आणि खडकी कटक मंडळे अशा हद्दी. बोपोडीच्या कुत्र्याला खडकीत जायला परवाना लागत नाही. केंद्राने 28 सप्टेंबर 2021 रोजी 2030 पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला आणि माणसातला रेबीज कळवणे बंधनकारक करा, असे राज्यांना सांगितले. पण मृत रुग्णाची नोंद ही साखळीतली शेवटची कडी झाली. पहिली कडी म्हणजे मेलेले कुत्रे.

त्याची तपासणी अवघड नाही. कवटी फोडायचीही गरज नसते. मानेच्या बाजूने, जिथून मज्जारज्जू कवटीत शिरतो त्या छिद्रातून नळी सारून मेंदूचा तुकडा काढता येतो. पट्टीवरची झटपट चाचणी अर्ध्या तासाच्या आत अंदाज देते, आणि प्रयोगशाळेतली प्रतिदीप्त प्रतिपिंड चाचणी पक्के सांगते. पुण्यात बावधनची ‘रेस्क्यू’ ही संस्था आजारी प्राण्यांसाठी हेल्पलाइन चालवते आणि अशा संशयित कुत्र्यांवर लक्ष ठेवण्याचे काम करते. लोक दयेपोटी फोन करतात, आणि त्या फोनमधून रोगाचा नकाशा तयार होतो. शहराची रोग-टेहळणी एका संस्थेच्या हेल्पलाइनवर उभी असावी यात संस्थेचे कौतुक आहे आणि पालिकेसाठी लाजही.

धानोरीचे ते कुत्रे तपासून रेबीज निघाला असता, तर पुढची कामे ठरलेली आहेत. ज्या वाटेने ते फिरले तिथे एक-दोन दिवस घरोघर आणि रिक्षावरून पुकारा करून चावा किंवा लाळ लागलेली माणसे शोधायची. दुचाकीस्वार, कचरावेचक बाई आणि हाड काढणारा माणूस अशानेच सापडतात, आणि लक्षणे सुरू होण्याआधी उपचार सुरू झाले तर तिघेही वाचू शकतात. लस उशिरा सुरू झाली तरी घ्यायचीच, महिना उलटला म्हणून सोडायची नाही. त्याच वेळी भोवतालच्या वस्तीतल्या प्रत्येक कुत्र्याला, कानाला खाच असो वा नसो, लस टोचायची. आसपास गोठे असतील तर चावा बसलेल्या गाई-म्हशींवर लक्ष ठेवायचे. अशा जनावराचे दूध उकळून प्यायलेल्यांना धोका नसतो, त्यामुळे अख्ख्या वाडीने लसीच्या रांगेत उभे राहण्याचे कारण नाही.

जे लोक रोज कुत्री हाताळतात त्यांनी आधीच तीन डोस घेऊन ठेवावेत: पशुवैद्य, डॉग व्हॅनवरचे कामगार, बचाव संस्थांचे स्वयंसेवक, आणि रोज वीस कुत्र्यांना खायला घालणारी मंडळीही. मग कधी चावा बसला तर शून्य आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस पुरतात, सीरम लागत नाही. कंत्राटी कामगारांना ही लस ठेकेदाराने द्यायची की पालिकेने, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. निविदेत एक ओळ घातली की झाले.

पाळीव कुत्र्यांबद्दल थोडेच. तिसऱ्या महिन्यात लस, मग पशुवैद्य सांगेल तसा बूस्टर, आणि पालिकेचा परवाना. लसीच्या दाखल्याशिवाय परवाना मिळत नाही, पण परवाना काढतातच फार थोडे. कोथरूड-औंधमधल्या महागड्या जातिवंत कुत्र्यांचे मालक याला अपवाद नाहीत.

पुणे महापालिका दर वर्षी किती नसबंदी झाल्या आणि किती चावे नोंदले हे सांगते. यापुढे तिने प्रभागवार आणखी तीन आकडे जाहीर करावेत: मोहिमेनंतरच्या फेरीत शंभरातली किती कुत्री लस दिलेली दिसली, मेलेल्या संशयित कुत्र्यांपैकी किती तपासली आणि किती बाधित निघाली, आणि तिसऱ्या वर्गाच्या किती रुग्णांच्या जखमेत त्याच दिवशी सीरम गेले. पहिल्या आकड्यात 70 च्या खाली असलेला प्रत्येक प्रभाग कोणत्या नगरसेवकांचा आहे, हे मतदारांना माहीत असायला हवे.